कोणती काळी?

माझं काम गायी भरवण्याचं. सरकारी कागदावर त्याला कृत्रिम रेतन म्हणतात. गावात एवढं अवघड बोलायला कुणाला सवड नाही, आणि सवड असली तरी चारचौघांत बोलायची लाज वाटते. म्हणून माझ्या धंद्याचं नाव कुणीच घेत नाही. 'ते करून जावा', 'गाईचं बघून जावा', 'तेवढं आटपून जावा', असं म्हणतात. लोहारा तालुक्यातल्या सात-आठ गावांत मोटारसायकलवर फिरतो, मागच्या कॅरिअरला रेत गोठवून ठेवणारा नत्राचा डबा बांधलेला असतो, आणि लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे मी सुरुवातीची दोन वर्षं सांगून पाहिलं. नंतर सोडून दिलं. ज्या कामाचं नाव लोक घेऊ शकत नाहीत, ते करणाऱ्या माणसाला निदान हाक मारायला तरी काहीतरी पाहिजे.

पूर्वी निरोप माणसाबरोबर यायचा. माणसाला दारात उभं करून चार गोष्टी विचारता यायच्या. मग मोबाईल आला, तरी बरं होतं, कारण बोलणारा सापडायचा. आता सगळे मेसेज करतात. मेसेज करण्याची मोठी सोय अशी की, लिहिणाऱ्याला आपण सगळं सांगितलं असं वाटतं आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'गाय आली.' कुठून आली, बाजारातून आली की माजावर आली? 'बघा जमलं तर.' काय बघू? एका गृहस्थाने मला सकाळी सकाळी फक्त गाईच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला होता. खाली एक अक्षर नाही. मी तो फोटो बायकोला दिसू नये म्हणून झटकन फोन उलटा ठेवला, आणि त्यामुळेच तिने तो उचलून पाहिला.

अशा वेळी विचारायचं की अंदाजाने जायचं, हा माझा रोजचा प्रश्न. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, त्यात काय, विचारावं की. विचारून बघा. एकदा विचारलं तर लोक सांगतात. दोनदा विचारलं तर म्हणतात, 'तुमी आधी या तर.' तिसऱ्यांदा विचारलं की दुसऱ्याला फोन करतात. आमच्या भागात दुसरा आहेच. तो कधी काही विचारत नाही. मेसेज गेला की अंगठा पाठवतो, येतो, हात घालतो, काम करतो, चहा पितो, जातो. लोकांना तो फार आवडतो. 'त्येचं एक बरं हाय, बडबड न्हाय,' म्हणतात. त्याच्या गायी किती उलटतात हे कुणी मोजत नाही. गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर दोष गाईचा, उन्हाचा, पेंडीचा, नाहीतर सुनेच्या हाताचा. न विचारणाऱ्या माणसाला दोष लागत नाही हे मी या धंद्यात फार लवकर शिकलो. मात्र मला तसं वागता आलं नाही, कारण माझा स्वभाव वाईट आहे. मला कळल्याशिवाय चैन पडत नाही.

तरी प्रत्येक मेसेजवर प्रश्न विचारणारा माणूस उपाशी मरेल. म्हणून मी स्वतःपुरतं ठरवून टाकलंय. माझा अंदाज चुकला आणि नुकसान फक्त माझं होणार असेल, पेट्रोल जाईल, खेप फुकट जाईल, तर विचारत नाही, निघतो. अंदाज चुकला आणि गाईचं नुकसान होणार असेल तर विचारतो, समोरचा कितीही वैतागला तरी. नुकसान भरून येणारं असेल तर अंदाज, न येणारं असेल तर प्रश्न. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की मेसेज वाचताना यातलं कुठलं प्रकरण आहे ते कळत नाही, आणि ज्या मेसेजचा अर्थ अगदी उघड वाटतो तोच कधी कधी अंगाशी येतो.

सास्तूरच्या अलीकडे एक घर आहे. भूकंपानंतर वसवलेल्या सरळ गल्ल्यांपैकी शेवटच्या गल्लीत, शेवटचं. घरात म्हातारा, म्हातारी आणि सून. मुलगा पुण्याला कंपनीत. म्हाताऱ्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणतो. म्हातारीला मी मावशी म्हणतो. आबा आणि मावशी एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण वगैरे नाही, दोघंही एकाच चुलीवरचं खातात, एकाच ओट्यावर बसतात, पण बोलणं बंद. कशावरून बंद झालं ते आता त्यांनाही आठवत नसावं. आबांना पाणी पाहिजे असेल तर ते हवेत म्हणतात, 'या घरात प्यायला पानी मिळंल का.' मावशींना काही सांगायचं असेल तर त्या म्हशीला सांगतात. सुनेला सासऱ्याशी थेट बोलायची रीत नाही, आणि गाईच्या माजाबद्दल तर नाहीच नाही. एवढ्या अडथळ्यांतून त्या घराचा कारभार चालतो, आणि तो चांगला चालतो हेही कबूल करायला पाहिजे.

गोठ्यात एक म्हैस आणि दोन काळ्या गायी. एकीच्या कपाळावर चांद आहे, ती दुभती, दोन महिन्यांपूर्वी व्यालेली. दुसरीच्या शेपटीला पांढरा गोंडा. ही सुनेच्या माहेरची. तिच्या वडिलांनी लहान कालवड असताना दिली होती, आणि सुनेने ती डोळ्यात तेल घालून वाढवली. वाढली चांगली, पण गाभण राहीना. आधी वेळेवर माजावर यायची नाही, आली तर भरवूनही उलटायची. चार वेळा उलटली. मावशींचं मत ठरलेलं होतं की ही वांझ आहे आणि फुकट वैरण खाते. त्यांनी सुनेला, म्हणजे म्हशीला, स्पष्ट सांगितलं होतं, अजून एकदा उलटली की बाजार. गाय विकली जाऊ नये म्हणून ही सून किती धडपडायची ते मी पाहिलंय. मिठाची वीट टांगून झाली, मोड आलेलं धान्य घालून झालं, कुणी सांगितलं म्हणून गूळही घालून झाला. तिला त्या घरात स्वतःची म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती.

पाचव्या वेळेला गाय राहिली. तीन महिने झाले तेव्हा मी हात घालून तपासली, गाभण होती. त्या दिवशी बायका खुरपायला गेलेल्या, घरी आबा एकटेच. मी त्यांना म्हणालो, "आबा, गोंड्याची राहिली. घरात सांगा, पेढे वाटायला लावा." आबा म्हणाले, "व्हय व्हय." मला फार आनंद झाला होता. परत येताना रस्त्यात कुणीही भेटलं तरी थांबून बोलावं असं वाटत होतं.

त्यानंतर महिन्याभराने, वैशाखातल्या एका सकाळी, सुनेचा मेसेज आला:

'डॉक्टर काळी वरडायलीय. आम्ही लग्नाला उमरग्याला चाललोय. सासरे घरी हायत. करून जावा.'

आता हा मेसेज वाचणाऱ्याला कुठे शंका येईल सांगा. दोन काळ्या. एक चार महिन्यांची गाभण, हे मला पक्कं माहीत. दुसरी व्यायला दोन महिने झालेली, म्हणजे माजावर यायची तिचीच वेळ. अर्थातच चांदाची. यात विचारण्यासारखं काही नाही, निघायचं आणि काम करून यायचं. तो दुसरा असता तर एव्हाना अंगठा पाठवून मोकळा झाला असता.

मी गाडीला किक मारली आणि पुन्हा बंद केली. कारण असं. काही गायी गाभण असूनही मध्येच एखादा माज दाखवतात, ओरडतात, अस्वस्थ होतात, पाहणारा सहज फसतो. गाभण गाईच्या गर्भाशयाचं तोंड चिकट बुचाने बंद झालेलं असतं. अशा गाईत नळी घातली, ते बूच फुटलं, की वासरू जातं. चार महिन्यांचं असलं तरी जातं. मी अर्थातच गोंड्याचीला हात लावणार नव्हतो. पण मी रस्त्यात पंक्चर होऊन बसलो आणि आबांनी दुसऱ्याला बोलावलं तर? किंवा चांदाची माजावर नसतानाच मी तिला भरवलं तर? काळी एवढंच लिहिणाऱ्या बाईला आपल्या गोठ्यात दोन काळ्या आहेत हे माहीत नाही असं थोडंच आहे. तिच्या मनात एकच काळी होती. ती कोणती, हे मी माझ्या डोक्याने ठरवत होतो, तिच्या नाही.

विचारायला संकोचही होता. परक्या बाईला, ती लग्नाच्या गाडीत बसलेली असताना, 'कोणती माजावर आहे' असं लिहून विचारायचं. गाडीत तो फोन कोण बघेल सांगता येत नाही. तरी मी शब्द शोधून सोवळा मेसेज लिहिला:

'वहिनी, कोणती काळी? गोंड्याची की चांदाची? कधीपासून?'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: 'हो'.

मी तो 'हो' कितीतरी वेळ बघत बसलो. एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबले की असं होतं, हे मला माहीत आहे, इतरांना मी ते सांगतोही. पण त्या क्षणी मला तिचा राग आला. दोन गायींची नावं घेऊन विचारल्यावर 'हो' म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावं. फोन लावला तर लागेना. ऊन चढत होतं. खरंच चांदाची माजावर असेल तर तिची वेळ निघून जाईल, आणि पुढची संधी तीन आठवड्यांनी. तेवढं दूध लांबणार. जाऊन बघावं, असं ठरवून निघालो.

दुपारी गोठ्यात पोचलो तर आबांनी सगळी तयारी करून ठेवलेली. खोड्यात, म्हणजे गाय हलू नये म्हणून रोवलेल्या लाकडी चौकटीत, भर उन्हात गाय उभी. पांढऱ्या गोंड्याची. मागे पाण्याची बादली, साबण, दोरीवर टॉवेल. चांदाची बाजूला सावलीत बसून निवांत रवंथ करत होती. गोंड्याची मात्र खरोखरच अस्वस्थ होती. सारखी मान वळवून मागे बघत होती, आणि माझ्यासमोरच तिने एक लांबलचक हंबरडा फोडला.

"आबा, हिला कशाला बांधली?"

"मंग कुनाला बांधू? जाताना म्हशीला म्हनल्या, काळी बांधा. वरडती ती काळी बांधली."

"अहो, ही गाभण आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, महिन्यापूर्वी."

"सांगितलं व्हतं की."

"मग?"

आबांनी बादली पायाने सरकवली. "मला म्हायत हाय गाभण हाय. पर बायांनी सांगितलं करून घ्या, म्हंजी काय तरी असंल. त्यास्नी गुरांतलं जास्त कळतंय. म्या कशाला मदी बोलू?"

या माणसाला सगळं माहीत होतं. गाय गाभण आहे हेही, आणि आज तिला भरवायला बोलावलंय हेही. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या, त्या घरातल्या नवरा-बायकोसारख्या, एकमेकींशी न बोलता. बायकांनी सांगितलंय म्हणजे त्यांना माहीत असेल, असा आबांचा अंदाज. डॉक्टर येईल तो बघेलच, असा बहुतेक बायकांचा अंदाज. सगळ्यांनी एकमेकांवर विश्वास टाकला होता आणि त्या विश्वासाचा सगळा भार त्या गाईवर आला होता.

"घरात सांगितलं होतं का तुम्ही, गाय राहिली म्हणून?"

"कुनाला सांगू?" आबा म्हणाले. प्रश्न योग्य होता. सुनेशी असलं बोलायचं नसतं आणि बायकोशी काहीच बोलायचं नसतं. राहता राहिली म्हैस, पण ती मावशींची.

मी हातमोजा चढवला, साबण लावला आणि आधी गोंड्याचीला तपासलं. या कामात मी घाई करत नाही. वासरू मधल्या काळात गेलेलं असेल तर हा माज खराही असू शकतो. गर्भाशय खाली पोटात उतरलेलं होतं, वरून अलगद चाचपलं तर बोराएवढ्या गाठी हाताला लागत होत्या. वासरू जागेवर होतं. मी हात काढला. मग चांदाचीला उठवून तिलाही तपासलं. तिच्यात माजाचं एकही लक्षण नव्हतं, बळस, म्हणजे माजाचा चिकट स्राव नाही, काही नाही. तिला तिच्या रवंथातून उठवल्याबद्दल तिने माझ्यावर शेपूट मात्र झाडली.

आता खरं म्हणजे माझं काम संपलं होतं. 'आज गरज नाही' एवढा मेसेज टाकून मी जाऊ शकत होतो. तशी बोटं फोनवर ठेवलीही. पण मग मी तेच करणार होतो जे सकाळपासून सगळे करत होते. 'गरज नाही' याचा अर्थ मावशी काय लावतील? वांझ गाईचं डॉक्टरनेही सोडून दिलं, असाच लावतील. त्यात आबा मागून म्हणाले, "तुमाला जमत नसंल तर त्या दुसऱ्याला बोलवू का? त्यो धा मिन्टात येतो. बाया आल्यावर म्हनतील, सांगितलेलं बी क्येलं न्हाय."

"कुणालाही बोलावू नका," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच. "मी आधी विचारतो."

"आल्यापास्नं तेच चाललंय तुमचं," आबा म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

फोन लावला. या वेळी लागला. पलीकडे जीपचा आवाज, बायकांचा कलकलाट, कुणीतरी मधूनच गाणं म्हणतंय. सकाळचं लग्न लागून ते परत निघाले होते. सून म्हणाली, "हां, बोला." त्या दोन शब्दांवरून मला कळलं की ती माणसांत दाटून बसलेली आहे, शेजारी सासू आहे, आणि ती कुठलंही वाक्य पूर्ण बोलू शकणार नाही. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला की सकाळचा तो 'हो' तरी तिने कसा आणि कुणाच्या मांडीला मांडी लावून लिहिला असेल. माझा राग उतरला. प्रश्न तिला बोलायला जमेल असा करायला पाहिजे होता.

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्ही काही बोलू नका. नुसतं हो नाही तर नाही म्हणा. सकाळी ओरडत होती ती गोंड्याची?"

"हो."

"चांदाची नाही?"

"नाही."

"तुम्ही स्वतः बघितली?"

"नाही."

"मावशींनी बघितली?"

"हो." मग आवाज अगदी बारीक करून म्हणाली, "पुन्हा उलटली म्हनल्या. उद्या यापारी येनार व्हता. म्याच हातापाया पडले, एक बार अजून बघू म्हनलं."

गाय वाचावी म्हणून तिनेच रडून, हातापाया पडून मला बोलावून घेतलं होतं. मी शहाण्यासारखा, काही न विचारता, तिचं ऐकून काम केलं असतं तर तिचं वासरू तिच्याच सांगण्यावरून गेलं असतं, आणि वर तिने मला चहाही पाजला असता. मी केलं नसतं तर त्या दहा मिनिटांत येणाऱ्याने केलं असतं. आणि मी अर्थ लावून चांदाचीचं काहीतरी करून गेलो असतो, तर संध्याकाळी तिला कळलं असतं की शेवटची संधीही गेली, आणि सकाळी व्यापारी दारात.

"वहिनी, मावशींना माहीत आहे का, गोंड्याची गाभण आहे ते?"

पलीकडून नुसती जीप आणि ते गाणं.

"वहिनी?"

"काय म्हनला?"

"गाभण आहे. चार महिने झालेत. ती अजून खोड्यातच उभी आहे, मी आत्ता हात घालून बघितलं. ती उलटलेली नाही. गाभण असून काही गायी ओरडतात. तिला भरवायचं नाही, विकायचं तर मुळीच नाही."

मला वाटलं फोन कटला. मी कानापासून काढून बघितला तर चालू होता. मग तिचा आवाज आला, आणि तो त्या जीपमधल्या कुणालाही ऐकू जाईल एवढा स्वच्छ होता.

"डॉक्टर, जरा थांबा. म्या स्पीकर लावते. आता म्हनला ते समदं परत एकदा म्हना. हळू म्हना, पर मोठ्यानं म्हना."

मी म्हटलं. गोठ्यात उभं राहून, एका हातात मोजा, दुसऱ्या हातात फोन, उमरग्याच्या हायवेवरच्या एका जीपमधल्या पंधरा-वीस बायकांना मी सांगितलं की पांढऱ्या गोंड्याची काळी गाय गाभण आहे. सगळे शब्द उच्चारले. माज म्हटलं, गाभण म्हटलं, गर्भाशयही म्हटलं. गाणं थांबलं. आयुष्यात माझ्या धंद्याचं नाव एवढ्या मोठ्याने कधी घेतलं गेलं नव्हतं, आणि तेही बायकांच्या गाडीत. कुणी हसलंही नाही.

थोड्या वेळाने मावशींचा आवाज आला. "चार म्हयने झाले? मंग आदी का सांगितलं न्हाय?"

"सांगितलं होतं मावशी. आबांना सांगितलं होतं."

जीपमध्ये कुजबुज झाली. मावशी म्हणाल्या, "ते हायत का तिथं?"

"ओट्यावर बसलेत."

"इचारा त्यास्नी. एवढी मोठी गोष्ट, सांगावं वाटली न्हाय का?"

आबांना ऐकू आलं होतं, स्पीकर माझ्याकडेही लावलेला होता. तरी मी रीतीप्रमाणे विचारलं. आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"तिला म्हनावं, तू कवा इचारलंस?"

मी हे पुढे सांगितलं नाही. गरज नव्हती, तिकडे ऐकू गेलंच होतं. सगळ्यांत आधी सूनच बोलली. तिचा आवाज भरून आला होता आणि ती तो लपवत नव्हती.

"डॉक्टर, तेवढी माझी गाय सोडा खोड्यातून. लई येळ उभी हाय ती उन्हात."

कोणती, ते मी विचारलं नाही.